नऊ जणांचं ‘घरगुती कारण’

वाळूजच्या एका कारखान्यात एचआरमध्ये असलेल्या मनकर्णाताईंनी पॅकिंग विभाग सोडून गेलेल्या चौदा जणांच्या मुलाखतींचा सारांश केला. नऊ जण म्हणाले होते, ‘घरी जमत नाय.’ ताईंनी नऊदा ‘घरगुती कारण’ लिहिलं.

सारांश वाचून ताईंचे साहेब हसले, “लोकांची घरं काय आपण सांभाळायची?”

ते ताईंना लागलं. त्यांनी मुलाखती पुन्हा शेवटपर्यंत वाचल्या. त्या नऊ जणांतली सुगंधा पुढं म्हणाली होती, “उद्याची पाळी आज सांजच्याला कळती. लेकरू कुणापाशी ठेवू, मॅडम?” नऊपैकी आठ जणांचं गाऱ्हाणं तेच होतं.

सारांश बदलला, तसा पाळ्यांचा तक्ता आठवडाभर आधी लागू लागला. ताईंनी सुगंधाला परत बोलवायला फोन केला.

“मी तवाच सांगितलं व्हतं की, मॅडम. आता दुसरीकडं लागले.”

त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावल्यावर ताईंचे हात जुळेनात.