चार रेपो आणि एक मोबाइल नंबर

उमरग्यात हायवेलगत, टायरच्या दुकानावर आमची कंपनी आहे. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. मी आले तेव्हा पाच माणसं होती आणि सगळा कोड एकाच रेपोत, म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या एकाच साठ्यात होता. मी ईट गावची, घरातली पहिली पदवीधर. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तेव्हा कंपनीचे मालक, आमचे सर, म्हणाले होते, मराठीत सांग. ते मी विसरलेली नाही.

माणसं चौदा झाली आणि तो रेपो जड वाटू लागला. औषधांच्या भागात एक ओळ बदलली तरी सगळ्या कोडच्या चाचण्या चालायच्या, पाऊण तास जायचा. नोंदणीत कुणी चूक केली की लॅबचं काम अडायचं. वेगळे रेपो करू, हे मीच सुचवलं. नोंदणी, लॅब आणि औषधं असे तीन. तिघांनाही लागणारा, रुग्ण ओळखण्याचा कोड चौथ्यात. त्याची नवी आवृत्ती निघाली की ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं घ्यायची. सरांनी फारसं न विचारता होकार दिला. चाचण्या पाच मिनिटांत संपू लागल्या आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या ओळखीच्या कोडात पहिल्यापासूनची एक चूक होती: मोबाइल नंबर एक, तर माणूस एक. आमच्याकडं घरभराचा नंबर एकच असतो. माझ्या स्वतःच्या सगळ्या फॉर्मांवर पदवीपर्यंत भावाचा नंबर होता. तरी ही चूक मला उशिरा दिसली. नंबरासोबत नाव आणि जन्मवर्षही जुळवायचं, असा बदल करून मी नवी आवृत्ती काढली. नोंदणी आणि औषधांनी ती लगेच घेतली. लॅबच्या रेपोत मी ती आवृत्ती घेण्याची विनंती टाकली, पण ते काम पाहणारा सहकारी बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. विनंती पडून राहिली. मी तिन्ही रेपो उघडून पाहिले. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. लॅबच्या चाचण्या जुन्याच आवृत्तीवर चालून हिरव्या होत्या, हे मनात आलंच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, दवाखान्यांचे फोन घेणाऱ्या अक्का माझ्या टेबलापाशी आल्या.

"पोरी, हातातलं ठेव. नळदुर्गला सासूची साखर सुनेच्या नावावर आलीया. सून पोटुशी हाय."

"डॉक्टरांनी औषध दिलं का?"

"ते फोन उचलंनात. लॅबची बाई म्हणती, रक्त म्या सोता काढलंय, ते म्हातारीचं हाय."

नोंदणीनं सासू आणि सून वेगळ्या केल्या होत्या. लॅबनं मात्र नुसता नंबर पाहिला आणि त्या नंबरची पहिली सापडलेली व्यक्ती धरली. मी लगेच जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी सगळ्या दवाखान्यांना कळवलं, पडद्यावरचा रिपोर्ट वापरू नका, रक्ताच्या नळीवरचं नाव पाहून कागदावर द्या. मी लॅबचा कोड नव्या आवृत्तीवर आणत होते आणि कान अक्कांच्या फोनकडं होते. तासाभरानं डॉक्टर बोलले. त्यांना आकडा खटकला होता. सुनेचं रक्त पुन्हा तपासायला सांगून त्यांनी तोवर औषध दिलंच नव्हतं.

मला बरं वाटलं, पण क्षणभरच. असे आणखी किती? पुढचे दोन दिवस आम्ही प्रत्येक रिपोर्ट नोंदणीच्या चिठ्ठीशी ताडला. आणखी दोन घरं सापडली, दोन्हीकडं औषध सुरू झालं नव्हतं.

मग सरांनी विचारलं, "आता तुझं म्हणणं काय?"

माझंच मोडायचं होतं. मी म्हणाले, पुन्हा एकत्र करू. ओळखीचा कोड आणि तो वापरणारे तिन्ही भाग एकाच बदलात बदलतील, आणि कुणी मागं राहिलं तर चाचणी तिथंच लाल होईल. जो भाग बदलला त्याच्या आणि त्यावर अवलंबून असलेल्यांच्याच चाचण्या चालवू, म्हणजे पाऊण तास जाणार नाही. पण मग औषधांच्या भागाचं काम बाहेरून करणाऱ्यांना सगळा कोड दिसेल. आणि कोड एकत्र आला तरी दवाखान्यांत तो एकाच क्षणी पोचणार नाही.

"म्हणजे भीती उरतेच," सर म्हणाले.

"उरते. पण ती कुठं आहे ते कळतं."

अक्का मागून म्हणाल्या, "तोडलं तवा पेढे वाटलेस. जोडताना बी वाट."

चारही रेपोंचा इतिहास जपून आम्ही ते एकत्र केले. पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या कोडात मी छोटा बदल केला आणि लॅबची चाचणी लाल झाली. मी तो लाल रंग बराच वेळ पाहत बसले. मग लॅबचा कोड त्याच बदलात दुरुस्त केला.

अक्का आता प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर दवाखान्यांना फोन करतात आणि पडद्याच्या तळाशी आवृत्तीचा कोणता आकडा दिसतोय ते विचारतात. नळदुर्गचं उत्तर येईपर्यंत मी जागेवरून उठत नाही.