हिरवे ठिपके

१९९९ साली अनिता मदने बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात संगणकावर यंत्रांची ड्रॉइंग काढायची. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि पडद्यावर हिरवे ठिपके उमटू लागले. विंडोज सुरू व्हायच्या आधीपासूनच ते दिसत. तिला वैतागापेक्षा कुतूहलच जास्त वाटलं.

दोन दिवसांनी तिनं पुण्याच्या दुकानाला इंग्रजीत ईमेल लिहिला. “मॉनिटर बदलून पाहिला, ठिपके राहिले. जुनं कार्ड लावलं, ते गेले. नवं कार्ड दुसऱ्या संगणकात लावलं, तर तिथंही आले. कृपया कार्ड बदलून द्यावं, ही विनंती.”

“एवढं कशाला लिवलंस?” शेजारच्या टेबलावरच्या रावजी तात्यांनी विचारलं.

“त्यांना शंकाच राहायला नको, तात्या.”

दुकानानं कार्ड लगेच मागवून घेतलं. पाठवताना अनितानं सोबत चिठ्ठी ठेवली, ‘नेमकं काय बिघडलं, तेही कळवाल का?’

नव्या कार्डाबरोबर उत्तर आलं: मेमरीची एक चिप.