तीन पत्ते आणि गोंदियाचं स्थळ

रविवारी गोंदियाचे लोक मला पाहायला येणार होते, आणि त्यांना येऊ द्यायचं की नाही हे दादाला मी शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. बालाघाटला सिंचाईच्या ऑफिसात ट्रेसर होते. कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवणं हे माझं काम. त्याच ऑफिसातला एक ओव्हरसिअर दीड वर्षापूर्वी बदली होऊन मंडल्याला गेला होता. जाण्याआधी तो म्हणाला होता, "घरी बोलतो आणि कळवतो." तेव्हापासून महिन्याला एक अंतर्देशीय पत्र यायचं. त्यात मंडल्याची थंडी असायची, मेसचं जेवण असायचं, नवा साहेब कसा आहे ते असायचं. घरी बोलला की नाही, ते नसायचं. मीही उत्तरात ऑफिसच्याच गोष्टी लिहायची. त्यामुळे दादाला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं.

हे सगळं वहिनीला माहीत होतं. दादाला फक्त 'मुलगी टाळते आहे' एवढंच.

वहिनी ब्लाउज शिवायची. भरवेलीच्या खाणीवर एका इंजिनियरची बायको तिची गिऱ्हाईक होती. मूळची पुण्याकडची बाई, नवऱ्याबरोबर काही वर्षं विलायतेत राहून आलेली. तिच्याकडे टॅरोचे पत्ते आहेत आणि ती त्यावरून भविष्य सांगते, ही बातमी वहिनीनेच आणली. गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वहिनी सायकलच्या कॅरिअरवर, तिच्या मांडीवर तीन ब्लाउजांचं गाठोडं, आणि मी पायडल मारत भरवेली गाठली.

"मॅडम, हे आमची बाई," वहिनीने माझी ओळख करून दिली. नणंदेला आमच्याकडे बाई म्हणतात. "इचं एक काम अडकून राह्यलं."

मॅडमनी ब्लाउज बाजूला ठेवले, चहा दिला आणि एक लहान स्टूल आमच्यामध्ये ओढलं. स्टुलाच्या पलीकडे त्या, अलीकडे मी, आणि मला चिकटून वहिनी. पत्त्यांचा गठ्ठा आपल्या पत्त्यांपेक्षा लांब आणि जाड होता. अठ्ठ्याहत्तर पत्ते. त्यातले बावीस मोठे, बाकीचे चार रंगांचे: काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. इस्पिक-बदाम नाही म्हटल्यावर वहिनीचा थोडा विरस झाला.

"काय विचारायचंय?" मॅडम म्हणाल्या.

"तो लग्नाचं विचारेल का?"

"असं नको. हो-नाहीचा प्रश्न तीन पत्त्यांना विचारला तर ते गोंधळतात. आणि त्याच्या मनातलं मी इथे बसून काढू शकत नाही. तुझ्याबद्दल विचार. हे कशामुळे थांबलंय आणि त्यात तुझं काय आहे, असं."

माझं काय असणार? मी तर वाट बघत होते. पण दुसरा प्रश्न सुचेना, म्हणून मी म्हटलं, "बरं. हे कशामुळे थांबलंय?"

पत्ते मलाच पिसायला दिले. पिसताना प्रश्न मनात धरायचा, घाई करायची नाही, आणि पुरे वाटलं की थांबायचं. पत्ते मोठे असल्यामुळे माझ्या हातातून दोनदा घसरले. मग डाव्या हाताने गठ्ठ्याचे तीन भाग करायला सांगितले. ते त्यांनी पुन्हा एकावर एक ठेवले.

"आता वरचे तीन पत्ते मांडते. डावीकडचा मागे काय झालं त्याचा. मधला आत्ताचा. उजवीकडचा पुढचा."

तीन पत्ते पालथे मांडले गेले. मग पुस्तकाचं पान उलटावं तसे त्यांनी ते एकेक करून उघडले.

माझ्या डावीकडच्या पत्त्यात एक लाल झगा घातलेला माणूस पाठमोरा चालला होता आणि मागे आठ पेले रचून ठेवलेले. मधल्यात एक बाई बसलेली, डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारी आडव्या धरलेल्या, मागे समुद्र. उजवीकडे एक पुरुष आणि एक बाई समोरासमोर, दोघांच्या हातात एकेक पेला. चित्रं मला उलटी दिसत होती. मान वाकडी करून पाहावं लागलं.

वहिनीला वेळ लागला नाही. "हे पाय! त्यो निंगून गेला. मागचं झालं ते झालं. आता तू डोये बांधून बसली. आन पुढं जोडपं! गोंदियाचंच होय ते, दुसरं कोन?"

मला एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी रागही आला. दीड वर्षाचा निकाल इतक्या झटकन?

"थांबा थांबा," मॅडम म्हणाल्या. "उलट वाचताय तुम्ही. हा डावीकडचा." त्यांनी माझ्या उजवीकडच्या, जोडप्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं. "पेल्यांची दुर्री. हे मागचं. दोघांचं पटलं होतं, दोघांनी सारखं दिलं-घेतलं. आणि पुढे आहे ती पेल्यांची अठ्ठी. सोडून जाणं."

"काहून?" वहिनी सरसावली. "तुमची डावी होय ते. इची डावी इकडं हाय."

"वाचणारीची डावी धरतात."

"वा! ताट वाढता तवा मीठ कोनाच्या डाव्या हाताले वाढता? वाढनाऱ्याच्या का जेवनाऱ्याच्या?"

मॅडम हसल्या. "जेवणाऱ्याच्या."

"मंग? जेवनारी त हेच होय ना!"

मला कळेना, हसावं की काय करावं. माझं आयुष्य स्टुलावर पडलेलं आणि वहिनी मीठ कुठे वाढायचं ते विचारतेय. पण तिचा मुद्दा मला पटत होता. नकाशावर आम्ही कोपऱ्यात बाण काढून उत्तर दिशा दाखवतो. बाण नसलेला नकाशा साहेब हातातही घेत नाहीत. इथे बाण कुठे होता?

मॅडमनी ते मान्य केलं. "चूक माझी. मांडण्याआधी सांगायला हवं होतं की माझी डावी. पण पत्ते मांडताना माझ्या मनात जी जागा होती तीच धरायची. चित्रं पाहिल्यावर जागा बदलल्या तर मग आपण हवं तेच वाचतो. आणि माझ्याकडून तिन्ही सुलटे आलेत. तुमच्या बाजूने धरले तर तिन्ही उलटे होतात, त्यांचे अर्थही बदलतात. जोडप्याचा पत्ता उलटा म्हणजे न जुळणं. ते चालेल तुम्हाला गोंदियासाठी?"

वहिनी स्टुलापासून मागे सरकली.

मी म्हटलं, "म्हणजे मागे जुळलं होतं आणि पुढे तो सोडून जाणार. असंच ना?"

"तो, असं कुठे लिहिलंय?"

मी पत्ता हातात घेऊन सुलटा करून पाहिला. पाठमोरा माणूस. तोंड दिसत नाही. "मग कोण?"

"तोही असेल, तूही असशील. पुढचा पत्ता म्हणजे ठरलेलं नाही. आत्ता जसं चाललंय तसंच चालू ठेवलं तर रस्ता कुठे जातो, एवढंच. आत्ताचं बदललं की पुढचं बदलतं. म्हणून मधला पत्ता नीट बघ. कुठल्याही बाजूने बसलीस तरी तो मधेच राहतो."

"उलटा होतो की."

"होतो. गाठ सैल होतेय असा अर्थ घेतात मग. पण पट्टी दोन्हीकडून आहे."

तलवारींची दुर्री. बाई बांधलेली नाही, हे मॅडमनी दाखवलं. हात मोकळे आहेत, तलवारी तिनेच धरल्या आहेत. दोन गोष्टींमध्ये निवड करायची नाही म्हणून ती पट्टी बांधून बसली आहे. मागचा समुद्र तिला पाहायचा नाही.

"तू त्याला सरळ विचारलंस का कधी? घरी बोललास का म्हणून?"

"त्यानं कळवतो म्हटलं होतं."

"विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. अठरा अंतर्देशीय लिहिली असतील मी, त्यात एकदाही नाही. मुलीने कसं विचारायचं, असं मी स्वतःला सांगत होते. पण ऑफिसात मी साहेबांनाही तोंडावर विचारत असे की मोजणीत जमिनीची लेव्हल चुकीची कोणी घेतली. तेव्हा ते कारण काही टिकेना. मग खरं कारण काय, तेही दिसेना. तो नाही म्हणेल याची भीती? की हो म्हणेल याची? हे दुसरं मनात आलं आणि मी चक्रावलेच.

"आनखी एक पत्ता काढा ना मॅडम," वहिनी म्हणाली. "हे त अजूनच गुतलं."

"नाही. एकाच प्रश्नावर एकाच दिवशी पुन्हा काढायचं नाही. मनासारखं येईपर्यंत काढत बसाल." त्यांनी पत्ते गोळा केले आणि ब्लाउज उलगडून पाहायला घेतले. एकाची बाही तंग झाली होती. वहिनीने ती तिथेच उसवली.

परत येताना चढावर आम्ही दोघी उतरून चाललो. वहिनी म्हणाली, "मले त बाप्पा काही समजलं नाही. त्या बाईच्या हातात तलवारी काहून?"

"मलाही नाही समजलं."

"मंग दादाले काय सांगतं?"

"गोंदियाला पंधरा दिवस थांबायला सांग म्हणावं."

"आन थांबले नाही त?"

"नाही तर नाही."

शुक्रवारी ऑफिसला जाण्याआधी मी अंतर्देशीयावर दोन ओळी लिहिल्या. घरी बोललात का? हो किंवा नाही एवढंच कळवा. बाकीची जागा कोरी राहिली. इतकी कोरी जागा पाठवायची लाज वाटली, तरी चिकटवून टाकलं.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. या वेळी अंतर्देशीय नव्हतं, पाकीट होतं, आणि आत चार पानं. मोठ्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे, वडिलांची तब्येत, योग्य वेळ पाहावी लागते, माझ्यावर विश्वास ठेव. मी ते दोनदा वाचलं. हो नव्हतं, नाहीही नव्हतं. पहिल्यांदा वाचताना रडू येईल असं वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन हो किंवा नाहीच्या जवळ जाणारं वाक्य शोधत होते, आणि चार पानांत एकही सापडलं नाही.

गोंदियावाले मात्र थांबले होते. दादाने ते संध्याकाळी जेवताना सांगितलं. वहिनी ताटातून वर पाहत नव्हती.

"मी मंडल्याच्या माणसाची वाट पाहत होते," मी दादाला सांगितलं. ऑफिस, ओव्हरसिअर, दीड वर्ष, सगळं सांगितलं. दादा जेवायचा थांबला. "आता पाहत नाही. त्याला उद्या तसं लिहिते."

"मंग गोंदियाले हौ म्हनू?"

"नाही."

"काहून? मंग आता कोनाची वाट पाहून राह्यली तू?"

"कोणाचीच नाही."

दादाने वहिनीकडे पाहिलं. हिला झालंय काय, असं ते पाहणं होतं. वहिनीने त्याला भाजी वाढली. दोन तलवारींपैकी एक धरायचीच, असं मला आता वाटत नव्हतं; याहून नीट मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी मंडल्याला लिहिलं, आणि पेटीत टाकून वळले तेव्हा एवढंच कळत होतं की ऑफिसला उशीर झाला आहे.