जाड दात्यांचं तिकीट

तुळजापूरचे माझे मामा शाळेत भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात निजाम संस्थानाची जुनी टपाल तिकिटं जमवायचे. शाळा सुटली, तिकिटं काही सुटली नाहीत. त्यांच्या नादानं मीही बिघडले. धाराशिवला नोकरी करते, पण ओळखीपाळखीचे लोक मला फोनवर तिकिटांचे स्कॅन पाठवून ‘खरं का खोटं?’ असं विचारतात.

मागं सोलापूरहून आणलेल्या एका पुडीत मामांना जाड दात्यांचं एक तिकीट गवसलं. कडेला बारीक दाते असलेलं तेच तिकीट ढिगानं मिळतं. जाड, विरळ दात्यांचं मात्र क्वचित, आणि मामांनी जन्मभर त्याचीच वाट पाहिली होती. त्यांनी हौसेनं त्याचा स्कॅन संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात निकाल लागला: आडव्या आणि उभ्या कडांचे दाते जुळत नाहीत, टोकं कात्रीनं कापल्यासारखी दिसतात, म्हणजे कुणीतरी साध्या तिकिटाला नंतर भोकं पाडून हे जाड दाते काढले आहेत.

मामांचा फोन आला. "बनावट हाय म्हणत्यात. लई झालं बघ. अल्बम घेऊन जा तू, मला आता त्याचं तोंड बघायचं न्हाय."

मला आधी मामांचा राग आला, मग ग्रुपवरच्या शहाण्यांचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! मी स्कॅन मोठा करून पाहिला. शेजारी फूटपट्टी नाही, मागं काळा कागद नाही. मामांनी वापरलं होतं ते कागदपत्रं स्कॅन करायचं फोनमधलं ॲप. ते वाकडं दिसलं की ताणून चौकोनात बसवतं, आणि पांढरं ते आणखी पांढरं करतं. त्या तिकिटाचा आकार मला पाठ आहे. इथं ते वरून दाबल्यासारखं बुटकं दिसत होतं. उंची दबली, म्हणून उभ्या कडेचे दाते दाट भासले. टोकांवरचे कागदाचे तंतू तर ॲपनं पुसूनच टाकले होते.

रविवारी मी तुळजापूर गाठलं. मामांनी दार उघडलं ते अल्बमची पिशवी हातात घेऊनच. मी ती बाजूला ठेवली आणि दाते मोजायचं कार्ड काढलं. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते त्यावर समजतं. चिमट्यानं तिकीट सरकवत गेले. चारही कडा एकाच मापाच्या निघाल्या.

"मग? हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मामा उभेच राहिले.

"आरसा लागतोय, मामा. भोकं किती ते कार्ड सांगतं. ती कुणी पाडली, कधी पाडली, हे न्हाय सांगत."

कागद बनवतानाच त्यात उमटवलेला वॉटरमार्क, म्हणजे उर्दू अक्षरांची फिकट छाया, पाठीमागून पाहिली तर थोडी दिसत होती. पण मधोमध तिकीट अल्बमात डकवायच्या जुन्या चिकटपट्टीचा तुकडा होता. तो काढायची माझी छाती झाली नाही. तिकीट हैदराबादच्या एका जुन्या तज्ज्ञांकडं पाठवू या, असं मी सुचवलं.

"पाठवू? पोस्टानं?" मामा दचकले. जन्मभर टपालाची तिकिटं जमवली, पण टपालावर भरवसा नाही! शेवटी सोलापूरहून रेल्वेनं आम्हीच निघालो. तिकीट मामांच्या शर्टाच्या आतल्या खिशात, आणि मामांचा हात वाटभर त्या खिशावर.

तज्ज्ञ बाई माझ्याहून पुष्कळ मोठ्या होत्या. त्यांनी आमचं काहीच ऐकून घेतलं नाही, स्कॅनकडं तर बघितलंही नाही. तिकीट सूक्ष्मदर्शकाखाली धरून दात्यांची टोकं पाहिली. फाडलेल्या कागदाचे तंतू तिथं होते. मग स्वतःजवळच्या अस्सल नमुन्यांशेजारी ठेवून लांबी-रुंदी ताडून पाहिली, कारण कड कापून नव्यानं भोकं पाडली की तिकीट लहान होतं. निळसर अतिनील दिव्याखाली दुरुस्तीची खूण आहे का ते शोधलं. शेवटी, शाई उतरणार नाही याची खात्री करून, काळ्या तबकात तिकीट ठेवलं आणि लगेच उडून जाणाऱ्या द्रवाचे थेंब टाकले. चिकटपट्टीच्या कडेनं वॉटरमार्कची अक्षरं गडद झाली. मामांकडं बघवत नव्हतं.

"असली है," बाई म्हणाल्या. "सर्टिफिकेट बना देती मैं."

मामांनी डोळे पुसले, चष्मा लावला. मग आतल्या खिशात पुन्हा हात घातला आणि दुसरी एक पुडी काढली. ती त्यांनी मलाही कधी दाखवली नव्हती.

"ह्ये पण बघा. लई वर्षं झाली, मनात शंका होती. विचारायचं धाडस न्हवतं."

बाईंनी त्यातलं तिकीट त्याच दिव्याखाली धरलं मात्र, कागद लख्ख निळा चमकला. असा चमकतो तो नवा कागद, म्हणजे संस्थान गेल्यानंतरची नक्कल. मी मामांचा हात धरला.

मामांनी तो हळूच सोडवला आणि खुर्ची पुढं ओढली. "कसं वळखायचं ते मला दाखवा की, बाई," ते म्हणाले. "घरी अजून लई हायेत."