सुधामामाचे चार अंश

माझा मामा, डॉक्टर सुधींद्र, मळमड्डीत आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत मुलांचे दात सरळ करायचा. त्याचं प्रत्येक वाक्य ‘हे बघा’नं सुरू व्हायचं आणि ‘नोडोण’नं संपायचं. नोडोण म्हणजे कानडीत ‘बघू या’. आईनं जेवायला हाक मारली तरी आतून उत्तर यायचं, ‘हे बघा, दोन रेघा राहिल्यात, मग नोडोण.’

‘आम्टी थंड झाली की मग नोडोण हं,’ आई म्हणायची. माझी आई अंबूताई, म्हणजे त्याची थोरली बहीण. तो तिला अक्का म्हणायचा आणि तिला भ्यायचा.

त्या रेघा कवटीच्या असायच्या. दातांच्या डॉक्टरला कवटी कशाला, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. ‘लोकांची भावंडं देवाची चित्रं काढतात. आमच्यात हा,’ असं ती आल्यागेल्याला सांगायची. पण मामाचं म्हणणं असं की दात वाकडे दिसले म्हणून दातच वाकडे असतात असं नाही. कधी दात बिचारे सरळ असतात, खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. हे आरशात बघून ठरत नाही. त्यासाठी डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढायचा आणि त्यावर पेन्सिल चालवायची.

त्यानं सुताराकडून एक खोकं करून घेतलं होतं. आत दोन ट्यूबलाइट, वर दुधी काच. काचेवर एक्स-रे, एक्स-रेवर पारदर्शक पण खरखरीत कागद, कोपऱ्यांना चिकटपट्टी. मग मामा श्वास धरायचा. कवटीच्या मध्यावर, मेंदूच्या खाली, हाडाचा एक छोटा पेला दिसतो. त्या पेल्याच्या मध्यावर पहिला ठिपका. कपाळाचं हाड आणि नाकाचं हाड जिथं भेटतात तिथं दुसरा. वरच्या पुढच्या दातांच्या मुळांवर हाड आत वळतं, त्या वळणात सगळ्यात खोल जागी तिसरा. तसाच खालच्या जबड्यावर, हनुवटीच्या वरच्या खोलगटात, चौथा. पहिले दोन जोडले की कवटीची रेघ. मग नाकाच्या ठिपक्यावरून दोन रेघा खाली, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. त्या दोन रेघांमधला कोन, तेवढ्यावर सगळा न्याय. साधारण दोन अंश असला की जबडे एकमेकांना धरून आहेत. वाढत गेला की वरचा पुढे नाहीतर खालचा मागे.

‘दोन अंशांसाठी एवढा श्वास धरतोस?’ आई विचारायची.

‘हे बघ अक्का, ठिपका केसभर सरकला तर पोराचं तोंड सरकतं.’

अठ्ठ्याण्णव साली मथुराबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मथुराबाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि घरीही नकाशासमोर उभ्या असल्यासारख्या बोलायच्या, एकेका गावावर छडी ठेवत. ‘डॉक्टर. ही स्मृती. अकरा पूर्ण. हनुवटी लहान आहे. दात पुढे आहेत. उपाय सांगा.’

स्मृती खुर्चीत बसली. मामानं ‘दाढा मीट बघू’ म्हटलं. तिनं मिटल्या. दात पुढे होते, पण फार नाही. चेहराही बाजूनं भरलेला दिसत होता. मामानं हुबळीला एक्स-रे काढायची चिठ्ठी दिली, कारण कानात काड्या घालून डोकं एका जागी धरणारं ते यंत्र तेव्हा त्याच्या माहितीत हुबळीलाच होतं.

निघताना एक गोष्ट घडली. बाहेरच्या बाकावर दुसरं एक पोर दातांच्या साच्याची गुलाबी लापशी नाकाला फासून बसलेलं होतं. ते बघून स्मृती खदखदून हसली. मामा दारातच होता. हसताना तिची हनुवटी गळ्यात गेली, वरचे दात बाहेर आले. क्षणभरच. मामाला ते दिसलं. तो मनात म्हणाला, नोडोण, एक्स-रे येऊ दे.

एक्स-रे आला. मामानं ठिपके दिले, रेघा मारल्या, कोनमापक ठेवला. चार अंश.

चार म्हणजे थोडं जास्त, पण घाबरण्यासारखं नाही. एकच गोष्ट त्याला खटकली. वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये एक बारीक काळी फट होती. दाढा पुरत्या मिटलेल्या नव्हत्या. एक्स-रे परत काढायला सांगावा का, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं हिशेब केला, आणि हिशेब अगदी पुस्तकातला होता. पोरीनं तोंड किंचित उघडं ठेवलं असेल. तोंड उघडलं की खालचा जबडा खाली आणि मागे फिरतो, म्हणजे कोन मोठा दिसतो. उघड्या तोंडानं चार, तर मिटल्या तोंडानं चारापेक्षाही कमी. पोरीला पुन्हा हुबळीला कशाला पळवायचं?

‘हे बघा बाई,’ तो मथुराबाईंना म्हणाला, ‘जबड्याचं विशेष काही नाही. दुधाचे दात सगळे पडू देत. पक्के दात आले की तारा लावू.’

‘म्हणजे जबड्यासाठी आत्ता काही नको?’

‘जबडा फार मागे असता तर याच वयात प्लेटा दिल्या असत्या. वाढ चालू असते ना, तिला पुढची वाट दाखवता येते. हिला गरज नाही.’

मथुराबाईंच्या चेहऱ्यावरची छडी खाली आली. त्या दिवशी त्या आईला म्हणाल्या, ‘तुमचा भाऊ देवमाणूस आहे हो.’ आई म्हणाली, ‘आहे की. वेळेवर जेवत नाही फक्त.’

दोन हजार एक साली पक्के दात येऊन बसले आणि स्मृती तारांसाठी आली. नवा एक्स-रे हवा होता. मथुराबाईंना पेपर तपासायचे होते, म्हणून वडील हुबळीला घेऊन गेले आणि बाहेर वर्तमानपत्र वाचत बसले.

मामानं नव्या एक्स-रेवर पेन्सिल चालवली. सात अंश.

त्यानं कोनमापक पुसला. पुन्हा ठेवला. सात. मग जुना कागद काढून नव्या कागदावर ठेवला, पेल्यावर पेला, कवटीच्या रेघेवर कवटीची रेघ. वरचा जबडा ठीक होता, वयाप्रमाणे वाढलेला. खालचा मात्र पूर्वीपेक्षा मागे होता.

आई चहा घेऊन आत गेली तेव्हा तो तसाच बसला होता, खोक्याचा उजेड हनुवटीवर घेऊन.

‘काय झालं रे?’

‘अक्का, पोरांचा जबडा वाढतो. निदान होता तिथं राहतो. असा मागे जात नाही.’

‘मग?’

‘मग यातला एक एक्स-रे खोटा आहे.’ आणि ‘नोडोण’ म्हणाला नाही.

नव्या एक्स-रेत दाढा घट्ट मिटलेल्या होत्या. फट जुन्यात होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. मामानं दोन्ही एक्स-रे काचेवर लावले आणि स्मृतीला विचारलं, ‘त्या पहिल्या वेळी तू कशी चावली होतीस, आठवतंय?’

‘दाखवू?’ स्मृतीनं खालचा जबडा पुढे सरकवला. टेबलाचा खण ओढावा तसा. चेहरा एकदम भरला, देखणा झाला. ‘हे फोटोचं तोंड.’ मग जबडा सोडला, तो सुळ्ळकन मागे गेला. ‘आणि हे जेवायचं.’

‘एक्स-रेला फोटोचं का केलंस गं?’

‘आईनं खूण केली ना.’

‘कसली खूण?’

स्मृतीनं तर्जनी आपल्या हनुवटीवर ठेवली, पावडर पुसल्यासारखी. ‘दुसऱ्यांदा बाबा होते. ते खूण करत नाहीत. ते बघतच नाहीत.’

मथुराबाई खाली बघत होत्या. मग त्यांनी सांगितलं, पण छडीशिवाय. नणंदेच्या लग्नात कुणीतरी म्हटलं होतं, ‘पोरीची हनुवटी येताना बेळगावलाच राहिली की काय?’ तेव्हापासून त्यांनी तिला घरीच शिकवलं होतं. माणसं आली, फोटो आला, की आईचं बोट हनुवटीवर जायचं आणि पोरीचा जबडा पुढे. हुबळीला तो यंत्रवाला प्रभंजन म्हणाला, ‘अलुगाडबेड तंगी, हलू नको हं बाळ,’ आणि तेवढ्यात दारातून यांचं बोट हनुवटीवर गेलं. परक्या माणसासमोर पोरगी वाईट दिसू नये, इतकंच. इथं खुर्चीत बसली तेव्हाही गेलं होतं.

‘मग आता द्या ना त्या प्लेटा,’ त्या म्हणाल्या.

मामानं एक्स-रेवर मानेच्या मणक्यांवर बोट ठेवलं. त्यांच्या खालच्या कडा आत वळल्या होत्या. ‘हे वळण आलं म्हणजे वाढीचा मोठा जोर ओसरलाय बाई. आता वाट दाखवायची तर चालणारंच फारसं कुणी उरलं नाही. वरच्या दोन लहान दाढा काढून पुढचे दात मागे घेता येतील. दात छान होतील. हनुवटी आहे तिथंच राहील. अठरा झाल्यावर ऑपरेशन करून जबडा पुढे आणता येतो, मोठ्या शहरात.’

‘ऑपरेशन नको,’ स्मृती म्हणाली.

‘माझ्या बोटानं झालं,’ मथुराबाई म्हणाल्या.

‘नाही. तुमचं बोट आईचं होतं. फट मला दिसली होती.’ मामा म्हणाला. ‘हिला हसतानाही मी बघितलं होतं. पुढे सरकवलेला जबडासुद्धा दाढांमध्ये फट पाडतो, हे मला ठाऊक होतं. हनुवटीवर अंगठा ठेवून मागे दाबून बघायचं, एवढंच काम होतं. मी उघड्या तोंडाचा हिशेब धरला, कारण तो सोयीचा होता.’

दाढा काढल्या, तारा लागल्या. त्यानंतर मामा प्रत्येक पोराबरोबर स्वतः हुबळीला जायला लागला. बसमध्ये पोर खिडकीशी, मामा मध्ये, आई किंवा बाप पलीकडे. यंत्रात डोकं धरलं की तो पोराच्या हनुवटीवर अंगठा ठेवून म्हणायचा, ‘मागे, मागे, जेवायचं तोंड.’ प्रभंजनला गंमत वाटायची. ‘डॉक्टर्री, तुम्हीच या यंत्रात बसा आता.’ आई म्हणायची, ‘डॉक्टर कसला, वऱ्हाडी झालाय हा.’ पूर्वी तिच्या अशा बोलण्यावर मामाचं उत्तर तयार असायचं. आता तो फक्त चप्पल घालायचा.

तारा निघाल्या तेव्हा शेवटचा एक्स-रे काढायचा होता. मथुराबाई हुबळीला आल्या, पण आपण होऊन बाहेर बसल्या, हात पदराखाली घेऊन. आत स्मृतीनं डोकं यंत्रात दिलं. मामाचा अंगठा जायच्या आधीच ती म्हणाली, ‘जेवायचं ना? माहीत आहे.’ आणि दाढा मिटल्या.

संध्याकाळी मामानं ठिपके दिले. मथुराबाई खोक्याच्या उजेडात उभ्या होत्या. स्मृतीचे दात रेघेसारखे सरळ आले होते आणि ती आरशात तेच बघत होती, समोरून. बाजूनं बघत नव्हती.

‘किती?’ मथुराबाईंनी विचारलं.

‘सहा. दात मागे आले, तसं वरचं हाडही जरासं आलं.’

‘आणि तेव्हाच प्लेटा लावल्या असत्या तर?’

मामानं पेन्सिल खाली ठेवली. आम्हाला वाटलं, आता ‘हे बघा’ येणार.

‘सांगता येत नाही बाई,’ तो म्हणाला. ‘कदाचित चार.’