तपासात सहकार्य करावे

माझ्या मराठीचा मला भारी अभिमान. बँकेत उभी हयात गेली, पण ‘प्लीज’ म्हणून कधी तोंड विटाळलं नाही. त्यामुळे गृहकर्जाच्या अर्जदारांना मोबाइलवर जाणारे संदेश मराठीत करायचं काम वरून आलं, तेव्हा ते आपसूक माझ्या टेबलावर पडलं. मी ते पूजा मांडल्यासारखं केलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “साहेब, वकिलाचं ते ‘सर्च’ तसंच राहू द्या. सगळे सर्चच म्हणतात.” मी म्हणालो, मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलेला नाही अजून. दिवाळीपासून माझे संदेश जायला लागले आणि मराठी भाषा दिनाला मला शाल-श्रीफळ मिळालं. शाल जरा टोचते, पण मी ती तासभर उतरवली नाही.

मार्चमध्ये आम्हा कर्ज अधिकाऱ्यांना अकोल्याच्या विभागीय कार्यालयात बोलावलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी कुरकुरत होतो आणि त्यानंतर झोपलो. तिथे मुख्यालयातून आलेल्या एका तरुण मॅडमनी भिंतभर खाकी कागद लावला होता. त्यावर ग्राहकाचा प्रवास काढायचा होता: चौकशी, अर्ज, कागदपत्रं, वकिलाचा अहवाल, घराचं मूल्यांकन, मंजुरी, पैसे हातात. प्रत्येक टप्प्याखाली रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या. ग्राहक इथे काय करतो, बँकेकडून त्याला काय दिसतं, त्याला काय वाटतं. काय वाटतं त्यासाठी हसरे-रडके चेहरे होते. त्याला ठेच लागते तो ‘पेन पॉइंट’ आणि तो सोडून जातो तो ‘ड्रॉप-ऑफ’.

“पेन पॉइंट कुठे आहेत, ते आधी शोधू या,” मॅडम म्हणाल्या. चहा देणारे आमचे शिपाईमामा निवृत्तीला आलेले, कानाने अधू. ते लगबगीने गेले आणि पेनांचा नवा डबा घेऊन आले. मी पोट धरून हसलो. तेव्हा मला हसायला काय जात होतं!

मग मॅडमनी आकडे दाखवले. अर्ज भरणारे पुष्कळ, कागद देणारेही बऱ्यापैकी, आणि वकिलाच्या टप्प्यावर एकदम गळती. तीसुद्धा दिवाळीनंतरच सुरू झालेली. “दिवाळीत काय बदललं?” त्यांनी विचारलं. सगळ्यांनी छताकडे पाहिलं, मीही. संगणकात त्या फायलींवर कारण एकच होतं, ‘ग्राहक इच्छुक नाही’. यादीतलं पहिलं कारण तेच असतं, म्हणून आम्ही तेच निवडतो. शेवटी फर्मान निघालं की प्रत्येकाने सोडून गेलेल्या अर्जदारांना त्यांच्या ठिकाणी जाऊन भेटायचं, नुसतं ऐकायचं आणि बँकेची बाजू अजिबात मांडायची नाही.

माझ्या यादीत पहिलं नाव आमच्याच गावातल्या, राजापेठेत हार-फुलं विकणाऱ्या नवरा-बायकोचं होतं. ज्या दोन खोल्यांत ते वर्षानुवर्षं भाड्याने राहतात, त्याच त्यांना विकत घ्यायच्या होत्या. घरमालक अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबणार होता, मग दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्यांची फाइल मीच घेतली आणि बंदही मीच केली होती.

मी दुकानाशी पोचलो तर बाई शेवंती ओवत होत्या. माझ्या हातात कागद-पेन पाहून त्यांनी सुई खाली ठेवली.

“आता काय राह्यलं, साहेब? सोडलं ना आमी तुमचं लोन.”

“तेच विचारायला आलो. का सोडलं?”

त्यांनी मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे धरला. “हे माह्या पोरीनं वाचून दाखवलं.”

संदेश होता: ‘आपल्या मालमत्तेचा कायदेशीर तपास सुरू झाला आहे. तपासात सहकार्य करावे.’ माझं शुद्धलेखन, माझा पूर्णविराम.

“तपास कोन करते, साहेब? पोलीसच करते ना?”

मी ऐकत राहिलो. संदेशाच्या दुसऱ्याच दिवशी पत्ता पडताळणारा आमचा माणूस घराचे फोटो काढून गेला आणि शेजारी विचारून गेला, हे इथं किती वर्षांपासून राहतात, काय करतात. “शेजारीन म्हने, कावून, काय केलं यायनं? तवापासून ती साखर मागाले नाई येत.” मग एक फोन आला, पलीकडचा म्हणाला, मी वकील बोलतो. नवऱ्याने फोनच बंद करून टाकला.

तो इतका वेळ झेंडूच्या पोत्यामागे उभा होता. आता पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, मी सांगूनच टाकतो. गनपतीत मंडळासाठी लायनीवर आकडा टाकला होता. दोनच दिवस. मी नुसती शिडी धरली.”

वीज बँक देत नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण बाजू मांडायची नव्हती.

“ज्यानं हे लिवलं ना,” बाई म्हणाल्या, “त्याच्या घरी जाऊ दे तपास.”

कागदावर मी काहीतरी लिहिल्यासारखं केलं. कान मात्र गरम झाले होते. फर्मान मोडलं आणि सांगून टाकलं, की वकील जुनी दप्तरं काढून एवढंच पाहतो की विकणारा खरा मालक आहे का, त्या घरावर दुसऱ्या कुणाचा बोजा नाही ना.

“म्हनजे सर्च!” नवरा ओरडला. “सर्च म्हना ना मंग! सर्च सगळेच करते.”

“अन् तपास घरमालकाचा?” बाईंनी विचारलं.

“तसंच म्हणा.”

“मंग त्याच्या मोबाइलवर धाडा की!”

“शब्द माझाच होता,” मी म्हणालो. आवाज फार बारीक निघाला. बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी? एवढे शिकेल-सवरेल?”

आयुष्यात मला पुष्कळांनी बोलणी ऐकवली आहेत, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. शालीची आठवण झाली आणि पाठीला खाज सुटली. अखजीला तीन आठवडे उरले होते. त्याच दिवशी फाइल पुन्हा उघडायचा अर्ज मी स्वतः लिहिला आणि वकिलाला त्यांच्या दुकानावर घेऊन गेलो. त्याला घरमालकाचं जुनं खरेदीखत हवं होतं, एवढंच. ते मालकाच्या कपाटात होतं आणि तासाभरात मिळालं. एका कागदासाठी आम्ही त्या माणसांना घरातून उठवायला निघालो होतो.

पुढच्या बैठकीत त्या खाकी कागदावर, रडक्या चेहऱ्याखाली, मी चिठ्ठी चिकटवली: ‘तपास. हा शब्द माझा.’ मॅडमनी ती दोनदा वाचली आणि हसू दाबत विचारलं, “म्हणजे पेन पॉइंट?” मी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. शिपाईमामांनी लगेच नवं आणून दिलं. नवा संदेश मी बाईंना वाचून दाखवून, त्या ‘हो’ म्हणाल्यावरच पाठवला: ‘वकील सर्च करत आहे. घरमालकाचे कागद नीट आहेत का, ते बँक पाहते. तुमच्यावर कसलीही कारवाई नाही.’

अखजीच्या चार दिवस आधी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखताची नोंदणी होती. घरमालकाला द्यायचा बँकेचा चेक घेऊन मी हजर होतो. बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो लांब धरून अक्षर अक्षर लावत वाचलं: ‘आपले कर्ज मंजूर रकमेप्रमाणे वितरित झाले आहे. अभिनंदन.’ मग सहीसाठी उचललेला हात त्यांनी थांबवला.

“साहेब, हे तुमी लिवलं का?”

“नाही. पैसे दिल्याचा संदेश मुख्यालयातून येतो.”

“मंग खरं असन,” म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.