भट्टीची भाडेचिठ्ठी

पुण्याच्या एका दैनिकात इंग्रजी तारांचे मराठी करण्याचे काम मी काही वर्षे केले. पुढे त्याच पत्राचा वार्ताहर म्हणून शिरूरला, म्हणजे तिथल्या बोलण्यात घोडनदीला, राहायला आलो. गावात बातम्या कमी आणि कागद जास्त असत. इंग्रजी येणारा माणूस आहे असे एकदा पसरले, की लोक कागद घेऊन दारात येतात. बँकेचे, विम्याचे, कोर्टाचे. पाटावर बसतात आणि वाट पाहतात.

पाव-खारीवाले चाचा असेच आले. त्यांची बेकरी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होती. जागा एका गुजराती शेठची. शेठ वारल्यावर त्यांचा मुलगा मुंबईला गेला होता आणि तिथूनच भाडे घेत होता. चाचांच्या हातात त्या मुलाच्या वकिलाची इंग्रजी नोटीस होती.

मी ती वाचली आणि मराठीत सांगितली. मालकाची लेखी संमती न घेता भाडेकरूने जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम केले आहे, सबब भाडेकरार संपुष्टात आणला असून जागेचा रिकामा ताबा द्यावा.

"बांधकाम म्हंजी?"

"भट्टी."

भट्टी विटांची होती, धुराडे पत्र्यावरून वर गेलेले. ती उचलून दुसऱ्या जागी नेता येत नाही. जागा गेली म्हणजे भट्टी पाडायची, आणि भट्टी पाडली म्हणजे धंदा संपला. हे मी त्यांना समजावण्याची गरज नव्हती.

"याचं शिक्क्याचं भाषांतर कुठं मिळंल?" त्यांनी विचारले.

शिक्क्याचे भाषांतर लागत नाही, असे मी सांगितले. कोर्ट इंग्रजी वाचते. दोन्ही वकील वाचतात. वाचता येत नाही ते फक्त तुम्हाला, आणि तुम्हाला कळण्यापुरते मी सांगितलेच आहे. कुणाला दाखवायचे नसेल तर भाषांतराला शिक्का कशाला?

"तुम्ही सांगता ते खरं असंल. पर इंग्रजी हाय. इंग्रजीला शिक्का पायजेच."

ते पुण्याला गेले आणि कुणाकडून तरी नोटिशीचे मराठी भाषांतर करून, खाली गोल शिक्का मारून घेऊन आले. मालकाने दावा दाखल केल्यावर चाचांच्या वकिलांनी तो कागद पाहिला, फायलीच्या तळाशी ठेवला आणि विचारले, "भाडेचिठ्ठी कुठं आहे?"

भाडेचिठ्ठी गुजरातीत होती. थोरल्या शेठने स्वतःच्या हाताने स्टँपच्या कागदावर लिहिलेली, खाली त्यांची सही आणि चाचांचा अंगठा. तिच्यात भट्टीला परवानगी आहे, हे चाचांना पक्के माहीत होते. शेठने त्यांना वाचून दाखवले होते.

"मग हिचं भाषांतर आणा," वकील म्हणाले.

"हिचं कशाला? गुजराती तर आपल्या पेठेतले निम्मे दुकानदार वाचत्यात. आन् राज्य तर एकच हाय की. मुंबई राज्यात गुजराती चालत न्हाई व्हय?"

तेव्हा द्विभाषिक राज्य होते आणि चाचांचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. वकिलांनी सांगितले की राज्य एक असले तरी या जिल्ह्याच्या कोर्टात मराठी आणि इंग्रजी चालते. गुजराती कागद दाखल करायचा तर सोबत त्याचे भाषांतर हवे. ते कुणाही जाणत्या माणसाने करावे, खाली सही करावी, मूळ लेखाप्रमाणे खरे आहे असे प्रतिज्ञेवर लिहावे. दुसरी बाजू हरकत घेत नाही तोवर एवढे पुरते. हरकत घेतली तर मात्र कोर्ट अधिकृत भाषांतरकाराकडे पाठवते.

"म्हंजी इंग्रजीला शिक्का न्हाई आन् गुजरातीला हाय?"

"गुजरातीलाही नाही. भांडणाला आहे," वकील म्हणाले.

पेठेतले गुजराती दुकानदार चिठ्ठी वाचायला तयार होते, लिहून द्यायला कुणी तयार नव्हते. शेठच्या मुलाशी सगळ्यांचा मालाचा व्यवहार आणि नाते होते. म्हणून आम्ही दौंडला गेलो. तिथे रेल्वेच्या मालधक्क्यावर एक गुजराती कारकून होते, त्यांची माझी बातम्यांच्या निमित्ताने ओळख होती. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत चाचांनी ती चिठ्ठी फडक्यात गुंडाळून पोटाशी धरली होती. न्हावऱ्याला कांद्याची पोती टपावर चढेपर्यंत गाडी थांबली. शेजारच्या माणसाने विचारले, "चाचा, काय सोन्याचा डाग हाय का आत?"

"डाग न्हाई. घर हाय," चाचा म्हणाले.

मालधक्क्यावरच्या कारकुनांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मराठी लिहून दिले. त्यांचे मराठी कोरडे होते. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने जागेत विटांची पक्की भट्टी व धुराडे बांधावे, मालकाची हरकत नाही. जागा सोडताना भट्टीची भरपाई मागू नये. भाडे दरमहा.

चाचांना ते फार छोटे वाटले. "साहेब, अजून काय लिवलं न्हाई का शेठनं?"

"बीजुं कंई नथी. जेवढं आहे तेवढं लिहिलं. अर्थ बरोबर आला, म्हणजे काम झालं."

परतताना चाचा फडक्यातली चिठ्ठी पुन्हा पुन्हा चाचपत होते. एवढ्याशा ओळींवर भट्टी उभी राहील याची त्यांना खात्री वाटत नव्हती.

पुढचे घडले तेव्हा मी एका सभेच्या बातमीसाठी पाबळला होतो. वकिलांनी कागद स्वच्छ लिहून आणायला सांगितला. चाचा तो कचेरीबाहेरच्या बाँडरायटरकडे घेऊन गेले. गाव त्यांना आप्पा म्हणत असे. अक्षर सुरेख, हात चालता. त्या वर्षांत कूळकायद्याची प्रकरणे मामलेदार कचेरीत इतकी येत होती, की आप्पा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुळांचेच अर्ज लिहीत. दौंडच्या कारकुनांच्या ओळी त्यांनी पाहिल्या आणि त्यांना तो कागद उघडा वाटला. त्यांनी भाडेकरूच्या जागी कूळ लिहिले. भट्टीच्या परवानगीपुढे लिहिले, पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने उपभोग घ्यावा, त्यास मालकाचे वारसांनी हरकत करू नये.

या ओळी घालताना आप्पांच्या मनात कपट नव्हते. ते कागदाला कागदासारखे करत होते. जन्मभर त्यांनी तसेच केले होते. चाचांना वाचून दाखवले तेव्हा चाचा म्हणाले, "आता कसा जड वाटतोय."

तो जड कागद घेऊन चाचा एसटीने दौंडला गेले. मालधक्क्यावर वॅगन लागली होती. कारकुनांनी आपलेच लिहिलेले आहे असे समजून सही केली आणि प्रतिज्ञेचे काम तिथेच उरकले. चाचांच्या वकिलांनीही पहिला मजकूर पाहिला होता, हा पुन्हा वाचला नाही. कागद दाखल झाला.

तारखेला मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. मालकाचे वकील उठले. त्यांच्याजवळ मूळ चिठ्ठीची नक्कल होती आणि तिचा अर्थ त्यांना त्यांच्या अशिलाने सांगितला होता.

"मूळ लेखात कूळ हा शब्द नाही. वंशपरंपरा नाही. वारस नाहीत. भट्टीत ज्वारी पिकते की काय, ते प्रतिवादींनी सांगावं."

मागे लोक हसले. चाचा हसणाऱ्यांकडे वळून पाहत राहिले. त्यांचे मराठी चांगले होते, पण या विनोदात आपला संबंध कुठे आहे हे त्यांना समजायला वेळ लागला.

मालकाच्या वकिलांनी सगळे भाषांतरच खोटे म्हणून नाकारले. मूळ चिठ्ठीवरची शेठची सही त्यांनी नाकारली नाही, अर्थ नाकारला. वाढवलेल्या ओळींबरोबर खरी ओळही बाद होत होती.

न्यायाधीशांनी मूळ चिठ्ठी मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. ते आधी सुरतेकडे होते, हे बार रूममध्ये सगळ्यांना माहीत होते. डोळे ओळीवरून सरळ सरकत होते. त्यांना सगळे वाचता येत होते.

"मला वाचता येतं हा पुरावा होत नाही," ते म्हणाले. "भाषांतराबद्दल वाद आहे. अधिकृत भाषांतर मागवा. खर्च प्रतिवादीचा."

बाहेर चाचांनी मला विचारले, "साहेबानं वाचलं न्हवं?"

"वाचलं."

"मग?"

कोर्टाला स्वतःच्या वाचण्यावर निकाल देता येत नाही, असे मी सांगितले. पण ते दिवसभर असेच प्रश्न ऐकणारा माणूस देतो तसले उत्तर होते. ते पुरते नाही हे मलाही दिसत होते. वाचलेले आणि सिद्ध झालेले यांतले अंतर आम्ही बातमीत रोज सांभाळतो. भट्टीसमोर उभ्या माणसाला ते अंतर म्हणजे नुसता उशीर.

चिठ्ठी सीलबंद पाकिटात पुण्याला गेली. नंतर तारखा पडत राहिल्या. कधी भाषांतर आलेले नसे, कधी मालकाचे वकील नसत, कधी न्यायाधीश रजेवर. चाचा प्रत्येक तारखेला पहाटेची भट्टी लवकर उरकून, पीठ झटकून, टोपी घालून येत. आप्पांच्या टपरीसमोरून जाताना ते मान वळवत नसत आणि आप्पाही लेखणीवरून वर पाहत नसत. एकदा आप्पा मला म्हणाले, "म्या वाईट काय लिवलं हो? दिलं तर भलंच की."

"मूळ लेखात नव्हतं, आप्पा."

"मूळ लेखात काय असतंय? ते शेठ होतं, त्याला कायद्याचं लिवता कुठं येत होतं."

शेवटी भाषांतर आले. टंकलेखन केलेले, खाली भाषांतरकाराची सही आणि कोर्टाची मुद्रा. त्यात दौंडच्या मालधक्क्यावर लिहिलेल्याच ओळी होत्या, एखाद्या शब्दाच्या फरकाने. भाडेकरू भाडेकरूच होता. वंशपरंपरा नव्हती. मालकाची हरकत नाही, हे होते.

या वेळी हरकत घ्यायला कुणी उठले नाही. लेखी संमती मूळ चिठ्ठीतच असल्याचे न्यायाधीशांनी धरले आणि दावा काढून टाकला. मालकाच्या वकिलांनी कागद गोळा करता करता चाचांच्या वकिलांना सांगितले, की अशील आता स्वतःच्या गरजेच्या कारणावर जागा मागणार आहेत. ते त्यांनी हलक्या आवाजात, जवळजवळ सहानुभूतीने सांगितले.

निकालाची नक्कल इंग्रजीत होती. चाचा ती संध्याकाळी माझ्याकडे घेऊन आले. सोबत पावाची लादी होती, फडक्यात गुंडाळलेली. ते पाटावर बसले.

"याला शिक्का लागतो का न्हाई, ते आधी सांगा."

"हा तुम्हाला ऐकायचाय की कुणाला दाखवायचाय?"

"ऐकायचाय."

"मग नाही लागत."

मी वाचायला सुरुवात केली. भट्टीच्या ओळीशी आल्यावर त्यांनी मला थांबवले आणि ती पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यांनी मान हलवली. पुढच्या नोटिशीचे काय ते विचारले नाही, मीही तो विषय काढला नाही. पहाटेचे पीठ मळायचे होते, म्हणून ते लवकर उठले.